अधिक-उण्याचा गुणाकार, दोन-दोन बिटांनी

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एक प्रश्न हमखास येतो: ‘बिट-पेअर रिकोडिंग पद्धतीने −१९ आणि +२७ यांचा गुणाकार करा.’ आकडे दरवर्षी बदलतात, प्रश्न तोच राहतो. उत्तर अर्ध्या पानात बसतं आणि आकडेमोड चौथीच्या मुलालाही जमेल इतकी साधी असते, तरी पूर्ण गुण फार थोड्यांना मिळतात. आठ ओळींचं एक कोष्टक घोकून जायचं आणि ते असं का, हे विचारायचंच नाही, अशी सवय लागलेली असते. कोष्टकाची एक ओळ विसरली की पुढचं सगळंच कोसळतं. ते कोष्टक कुठून येतं हे एकदा नीट समजलं तर पाठ करावं लागत नाही, आणि अभियांत्रिकीशी संबंध नसलेल्या वाचकालाही यंत्र गुणाकार कसा करतं याची बरीच कल्पना येते.

सोयीसाठी या लेखात बायनरी अंक 0 आणि 1 असे छापले आहेत आणि नेहमीचे दशमान अंक देवनागरीत. ज्या संख्येला गुणायचं तिला गुण्य म्हणू आणि जिने गुणायचं तिला गुणक. इथे −१९ हा गुण्य, +२७ हा गुणक.

शाळेत आपण गुणकाचा एकेक अंक घेतो, त्याने गुण्याला गुणतो, दरवेळी एक घर डावीकडे सरकून खाली ओळ मांडतो आणि शेवटी सगळ्या ओळींची बेरीज करतो. बायनरीत हे आणखी सोपं होतं. गुणकाचा अंक 1 असेल तर गुण्य जसाच्या तसा उतरवायचा, 0 असेल तर शून्यांची ओळ. पाढे लागतच नाहीत. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली म्हणजे ओळी फार होतात. गुणक ३२ बिटांचा असेल तर ३२ ओळी, आणि यंत्रात प्रत्येक ओळीची बेरीज म्हणजे वेळ तरी जातो नाहीतर जागा तरी. दुसरी अडचण उणे संख्यांची.

उणे संख्या यंत्रात कशा लिहितात ते आधी पाहू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. सहा बिटांच्या साध्या संख्येत उजवीकडून डावीकडे घरांच्या किमती १, २, ४, ८, १६ आणि ३२ अशा असतात. उणे संख्याही लिहायच्या असतील तर फक्त सर्वांत डावीकडच्या घराची किंमत बदलायची: ३२ ऐवजी −३२. बाकी घरं जशीच्या तशी. म्हणजे 101101 ची किंमत −३२ + ८ + ४ + १ = −१९. यालाच टूज कॉम्प्लिमेंट म्हणतात. एखाद्या संख्येचं चिन्ह उलटं करायचं तर सगळे बिट उलटे करायचे आणि त्यात १ मिळवायचा, ही युक्ती विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. पण डावीकडच्या घराची किंमत उणे असते हे वाक्य त्याहून महत्त्वाचं आहे. ते डोक्यात ठेवा, थोड्याच वेळात कामाला येईल.

आता शाळेतली रीत या संख्यांना लावली तर गुणक उणे असताना उत्तर चुकतं. रीत सगळ्याच घरांना अधिक किंमत देते, डावीकडचं घर मात्र उणे आहे. त्यामुळे शेवटी वेगळी दुरुस्ती करावी लागते. लंडनच्या बर्कबेक कॉलेजात काम करणाऱ्या अँड्र्यू डोनाल्ड बूथ यांना ही वेगळी दुरुस्ती नको होती. स्फटिकांच्या रचनेचा क्ष-किरणांनी अभ्यास करताना करावी लागणारी प्रचंड आकडेमोड त्यांना गणकयंत्रांकडे घेऊन आली होती. १९५१ मध्ये त्यांनी अधिक-उणे दोन्ही संख्यांना एकच रीत लागू पडेल असा गुणाकार छापून प्रसिद्ध केला. आज त्याला बूथची पद्धत म्हणतात. परीक्षेतली बिट-पेअर पद्धत हे तिचंच पुढचं रूप. अशा गटवार रीतींची मांडणी ओ. एल. मॅक्‌सॉर्ली यांच्या १९६१ मधल्या लेखात आहे. म्हणून पुस्तकांत ‘मॉडिफाइड बूथ’ असंही नाव सापडतं. प्रश्नपत्रिकेत तीनपैकी कोणतंही नाव येऊ शकतं, मात्र नुसतं ‘बूथ’ म्हटलं असेल तर मूळ, एकेक बिटाची पद्धत अपेक्षित असते. हे न पाहिल्यामुळे उत्तर बरोबर येऊनही गुण जातात.

बूथ यांची मूळ कल्पना एवढीच: सलग एक आले की त्यांची बेरीज करत बसू नका. 011110 म्हणजे १६ + ८ + ४ + २ = ३०, चार बेरजा. पण ३० म्हणजेच ३२ − २. एक बेरीज, एक वजाबाकी, संपलं. एकांची रांग कितीही लांब असो, तिच्या उजव्या टोकाला एक वजाबाकी आणि डाव्या टोकाच्या पुढच्या घरात एक बेरीज, एवढंच काम उरतं.

फारच छान. पण या पद्धतीचा एक दुबळेपणा आहे. गुणक 010101 असला, म्हणजे २१, तर काय होतं पाहा. इथे एकांची रांग नाहीच, प्रत्येक 1 एकटा आहे. बूथची रीत प्रत्येक एकट्या 1 ला रांग समजते आणि त्याच्यासाठी एक वजाबाकी व एक बेरीज करते: ३२ − १६ + ८ − ४ + २ − १. उत्तर २१ च येतं, पण शाळेतल्या रीतीने तीन ओळींत झालं असतं त्याला सहा ओळी लागल्या. काम कमी करायला आणलेल्या रीतीने ते दुप्पट केलं.

यंत्राच्या दृष्टीने हे फार वाईट. एकेक ओळ क्रमाने मिळवत जाणारं यंत्र असेल तर एखाद्या गुणाकाराला जास्त वेळ लागला म्हणून निभावतं. पण सगळ्या ओळी एकाच वेळी तयार करणारा गुणक-मंडल असेल तर त्यात प्रत्येक ओळीसाठी सिलिकॉनवर जागा आधीच राखून ठेवावी लागते. सरासरी ओळी किती लागतात याला तिथे अर्थ नाही. जास्तीत जास्त किती लागतील, तेवढ्यांची सोय करावी लागते. म्हणून हवी असते ती खात्री, आणि ती बिट-पेअर पद्धत देते: n बिटांच्या गुणकाला n/२ ओळी, त्याहून जास्त कधीच नाही. ३२ बिटांना १६.

ही खात्री येते ती बिट दोन-दोनच्या जोड्यांनी घेतल्यामुळे. दोन बिटांची जोडी म्हणजे 00, 01, 10, 11, अर्थात ०, १, २ किंवा ३. गुण्याची शून्यपट फुकट मिळते. एकपट म्हणजे गुण्य स्वतःच. दुप्पट म्हणजे सगळे बिट एक घर डावीकडे सरकवायचे, तेही जवळजवळ फुकट. अडतं ते तिप्पटीवर. तिप्पट करायची तर गुण्य आणि त्याची दुप्पट यांची खरोखरची बेरीज करावी लागते, हातचे घेत घेत. ओळी वाचवायला निघालो आणि ओळ तयार करायलाच बेरीज लागली, तर मिळवलं काय?

तिप्पट टाळायची असेल तर ३ ला ४ − १ म्हणा. या जोडीत −१ ठेवा आणि ४ पुढच्या जोडीकडून घ्या. पुढच्या जोडीच्या घरांची किंमत आपल्या चौपट असते, म्हणून आपले ४ म्हणजे तिचा फक्त १. हा उधारीचा व्यवहार आहे आणि त्याचा नियम कडक आहे: जोडीतला डावा बिट 1 असेल तर त्याची किंमत +२ धरायचीच नाही, −२ धरायची, आणि पुढच्या जोडीने आपल्याकडे +१ टाकून ही उधारी फेडायची. −२ आणि ४ मिळून +२ होतात, म्हणजे हिशेब चोख. आता 11 ची किंमत −२ + १ = −१ झाली, 10 ची −२, आणि तीन हा आकडा कायमचा हद्दपार झाला.

पण पुढच्या जोडीला मागची उधारी आहे की नाही हे कसं कळणार? मागच्या जोडीचा डावा बिट पाहून. तो 1 असेल तर उधारी आहे, 0 असेल तर नाही. म्हणूनच पद्धतीचं नाव ‘बिट-पेअर’ असूनही प्रत्यक्षात आपण तीन बिट पाहतो: जोडीतले दोन आणि त्यांच्या उजवीकडचा शेजारी. जोडीतल्या डाव्या बिटाची किंमत −२, उजव्याची +१ आणि शेजाऱ्याचीही +१. सगळं कोष्टक या एका ओळीतून निघतं:

```
000 →  0      100 → −2
001 → +1      101 → −1
010 → +1      110 → −1
011 → +2      111 →  0
```

परीक्षेत हे कोष्टक जरूर लिहावं, त्याला गुण असतात. फक्त आठवून लिहू नये, तिथल्या तिथे काढून लिहावं. 101 म्हणजे −२ + ० + १, झाले −१. दोन सेकंदांचं काम आहे.

उरला एक प्रश्न. सर्वांत डावीकडच्या जोडीने −२ ची उधारी केली तर ती फेडणार कोण? पुढे जोडीच नाही. उत्तर असं की कुणीच फेडत नाही, आणि फेडायचीही नसते. त्या जोडीचा डावा बिट म्हणजे संख्येचा चिन्ह-बिट, आणि टूज कॉम्प्लिमेंटमध्ये त्याची किंमत मुळातच उणे आहे. इतर सर्व जोड्यांत डाव्या बिटाला आपण हिशेबाच्या सोयीसाठी उणे म्हटलं आणि मागाहून भरपाई केली. शेवटच्या जोडीत तो खरोखरच उणे असतो. त्यामुळे अधिक-उण्याची वेगळी दुरुस्ती करावी लागत नाही, ती रीतीतच विरघळून जाते. या पद्धतीत मला सर्वांत देखणी वाटते ती हीच गोष्ट, आणि शिकवताना नेमकी हीच गाळली जाते.

आता प्रश्न सोडवू. गुण्य M = −१९, गुणक +२७, दोन्ही सहा बिटांत. गुणाकार बारा बिटांत येईल, म्हणून पाटीवर बारा घरं आखून घ्या. वहीत चौकटीचा कागद असेल तर उत्तम.

पहिली पायरी म्हणजे दोन्ही संख्या बायनरीत मांडणं. १९ म्हणजे 010011. बिट उलटे केले की 101100, त्यात १ मिळवला की 101101, हा −१९. गुणक २७ म्हणजे १६ + ८ + २ + १, सहा बिटांत 011011. इथे डावीकडचा 0 विसरायचा नाही, कारण 11011 एवढंच लिहिलं तर ती पाच बिटांतली −५ ही संख्या होते.

दुसरी पायरी म्हणजे गुणकाचं नवं रूप, अर्थात रिकोडिंग. गुणकाच्या उजवीकडे एक काल्पनिक 0 लिहायचा, कारण पहिल्या जोडीच्या मागे कुणीच नाही, तेव्हा मागची उधारीही नाही. मग उजवीकडून जोड्या पाडायच्या: 01, 10, 11. सर्वांत उजवी जोडी 11, तिचा शेजारी तो काल्पनिक 0. तीन बिट 110, म्हणजे −२ + १ + ० = −१. मधली जोडी 10, तिचा शेजारी मागच्या जोडीचा डावा बिट, तो 1. तीन बिट 101, म्हणजे −२ + ० + १ = −१. डावी जोडी 01, शेजारी 1. तीन बिट 011, म्हणजे ० + १ + १ = +२.

नवा गुणक झाला +२, −१, −१. पुढे जाण्याआधी इथेच थांबून पडताळा घ्यावा. जोड्यांच्या किमती डावीकडून १६, ४ आणि १ आहेत. (+२ × १६) + (−१ × ४) + (−१ × १) = ३२ − ४ − १ = २७. जमलं. ही एक ओळ लिहायला अर्धं मिनिटही लागत नाही आणि निम्म्या चुका इथेच सापडतात. तपासणाऱ्यालाही ती आवडते.

तिसरी पायरी म्हणजे ओळी मांडणं. लागणार आहेत −M आणि +२M. −M म्हणजे +१९, म्हणजे 010011. +२M म्हणजे −३८. इथे एक खड्डा आहे. 101101 एक घर डावीकडे सरकवलं की 1011010 होतं, सात बिट. सहाच बिट ठेवायचे म्हणून डावीकडचा 1 टाकून दिला तर उरतं 011010, आणि ती संख्या +२६ आहे. −१९ ची दुप्पट +२६! दुपटीला नेहमी एक बिट जास्त लागतो, तो द्यायचाच.

चौथी पायरी म्हणजे प्रत्येक ओळ बारा घरं भरेपर्यंत डावीकडे वाढवणं. अधिक संख्या डावीकडे शून्यांनी वाढते, उणे संख्या एकांनी. याला साइन एक्स्टेन्शन म्हणतात. दुसरी ओळ दोन घरं डावीकडे सरकलेली आणि तिसरी चार घरं, कारण आता आपण एकेक बिट नव्हे, जोडी-जोडीने चाललो आहोत.

```
−1 × M          000000010011      (+19)
−1 × M, 2 घरं   000001001100      (+76)
+2 × M, 4 घरं   110110100000      (−608)
                ------------
                110111111111      (−513)
```

पहिल्या दोन ओळींची बेरीज ९५, म्हणजे 000001011111. त्यात तिसरी ओळ मिळवली की 110111111111. या उदाहरणात शेवटच्या बेरजेत एकही हातचा येत नाही, हा निव्वळ योगायोग आहे, नियम नव्हे. उत्तराचा पडताळा असा: डावीकडचा बिट 1 आहे, म्हणजे उत्तर उणे. बिट उलटे केले की 001000000000, त्यात १ मिळवला की 001000000001, म्हणजे ५१२ + १ = ५१३. उत्तर −५१३, आणि १९ × २७ = ५१३. प्रश्न सुटला. सहा बिटांच्या गुणकाला तीन ओळी लागल्या. शाळेच्या रीतीने 011011 मधल्या चार एकांच्या चार ओळी झाल्या असत्या, मूळ बूथनेही चारच.

परीक्षेतलं उत्तर इथे संपतं. पण चुका कुठे होतात आणि त्या ओळखायच्या कशा, हे पाहिल्याशिवाय ही रीत हातात बसत नाही.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे उणे ओळ डावीकडे शून्यांनी वाढवणं. वरच्या तिसऱ्या ओळीत बाराव्या घरात 1 ऐवजी 0 लिहिला तर ती 010110100000 होते, म्हणजे −६०८ ऐवजी +१४४०. त्यात ९५ मिळवले की उत्तर +१५३५. आकडा ५१३ च्या जवळपासही नाही, पण ते दशमानात बदलून पाहायचीही गरज नाही. उणे गुणिले अधिक म्हणजे उणे, आणि आपल्या उत्तराचा डावा बिट 0 आला. एवढं पाहिलं तरी चूक पकडली जाते. दोन्ही संख्यांची चिन्हं आणि उत्तराचा पहिला बिट, ही जुळणी करायला डोळ्यांशिवाय काही लागत नाही.

दुसरी चूक गुणकाच्या बिटांची संख्या विषम असली की होते. समजा गुणक −११ आहे आणि प्रश्नात तो पाच बिटांत दिला आहे: 10101. जोड्या पाडताना डावीकडे एक बिट एकटा उरतो. काही जण त्याच्या डावीकडे सवयीने 0 लिहून जोडी पूर्ण करतात. पण 010101 म्हणजे +२१. गुणकच बदलला, पुढे कितीही काळजी घेतली तरी उत्तर चुकणारच. जोडीला जोडीदार हवा तो चिन्ह-बिटाचाच, म्हणून इथे 1 लिहायचा: 110101. याचं रिकोडिंग डावीकडून −१, +१, +१ होतं. पडताळा −१६ + ४ + १ = −११.

याच गुणकाने −१९ ला गुणून पाहा, म्हणजे हातच्याचं काय करायचं तेही कळेल. ओळी −१९, −७६ आणि +३०४ अशा येतात. पहिल्या दोन ओळी उणे आहेत, दोन्हींच्या डावीकडे एकांची रांग आहे. त्यांची बेरीज करताना बाराव्या घरातून एक हातचा बाहेर पडतो.

```
  111111101101    (−19)
+ 111110110100    (−76)
  ------------
1 111110100001    (−95, डावीकडचा 1 सोडला)
+ 000100110000    (+304)
  ------------
1 000011010001    (+209, डावीकडचा 1 सोडला)
```

तेरावं घर आपण आखलेलंच नव्हतं, तेव्हा तो 1 सोडून द्यायचा. विद्यार्थी इथे बिचकतात, आलेला आकडा टाकून कसा द्यायचा म्हणून. पण बारा बिटांच्या हिशेबात बाराव्या घराच्या पलीकडे जाणारा आकडा ४०९६ ची पूर्ण पट असतो, आणि उणे संख्या लिहिताना आपण मुळात ४०९६ मिळवूनच लिहिल्या होत्या. उधार घेतलेले ४०९६ परत गेले, एवढंच झालं. दोन उणे संख्यांचा गुणाकार +२०९ आला, चिन्हही जुळलं.

तिसरी चूक क्वचित दिसते, पण पेपर काढणारा चतुर असेल तर तो ती मुद्दाम घडवून आणतो. गुण्य −३२ घ्या, सहा बिटांत 100000. त्याचं −M काढायला बिट उलटे केले की 011111, १ मिळवला की पुन्हा 100000. उलटं करूनही संख्या तीच राहिली! सहा बिटांत +३२ मावतच नाही, सर्वांत मोठी अधिक संख्या ३१ आहे. आता हे 100000 डावीकडे एकांनी वाढवलं तर ओळ +३२ ऐवजी −३२ ची होते आणि सगळं बिघडतं. यावर उपाय क्रम बदलण्याचा आहे. आधी M बारा घरांपर्यंत वाढवा आणि मगच त्याचं चिन्ह उलटं करा. 111111100000 उलटं केलं की 000000011111, त्यात १ मिळवला की 000000100000, बरोबर +३२. मी तर म्हणेन, गुण्य कोणताही असो, हाच क्रम ठेवावा. चार आकडे जास्त लिहावे लागतात, पण ही शंकाच उरत नाही. मंडल रचणाऱ्यांनाही याच कारणासाठी ओळ गुण्यापेक्षा थोडी रुंद ठेवावी लागते.

हुशार विद्यार्थी इथे विचारतात की दोनऐवजी तीन-तीन बिट का घेऊ नयेत, ओळी आणखी कमी होतील. होतील, n/३ च्या आसपास. त्या गटांचे आकडे −४ ते +४ असे येतात. चौपट म्हणजे दोन घरं सरकवणं, ते सोपं आहे. पण त्यात ±३ सुद्धा येतो, आणि जी तिप्पट टाळण्यासाठी उधारीचा सगळा खटाटोप केला ती मागच्या दाराने परत येते. गुणाकार सुरू करण्याआधी एक पूर्ण बेरीज करून ३M तयार ठेवावा लागतो. काही यंत्ररचनांत हा खर्च परवडतो. कागदावर आणि बहुतेक मंडलांत मात्र जोडीपाशी थांबणंच किफायतशीर ठरतं.

सरावासाठी एक गणित घ्या: +२२ गुणिले −२७, दोन्ही सहा बिटांत. गुणक 100101 आहे. रिकोडिंग −२, +१, +१ यायला हवं. वरच्या +२७ चे आकडे +२, −१, −१ होते, म्हणजे चिन्ह बदलल्याबरोबर इथे तिन्ही आकड्यांची चिन्हं उलटली. पण दर वेळी असं होईलच असं नाही, ते गृहीत धरून लिहू नका. ओळी +२२, +८८ आणि −७०४ अशा येतील, आणि उत्तर 110110101110, म्हणजे −५९४.